मॅक पत्त्यावरून स्विच पोर्टचा शोध

मॅक पत्त्यावरून स्विच पोर्टचा शोध ही स्थानिक नेटवर्कच्या व्यवस्थापनातील एक कार्यपद्धती आहे. अनेक स्विच एकमेकांना जोडून तयार झालेल्या नेटवर्कमध्ये एखादे अनोळखी उपकरण नेमके कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला जोडलेले आहे, हे या पद्धतीने ठरविले जाते. प्रत्येक स्विच आपल्याकडे येणाऱ्या फ्रेमचा प्रेषक मॅक पत्ता आणि ती ज्या पोर्टवरून आली तो पोर्ट यांची नोंद ठेवतो. या नोंदी एका स्विचवरून पुढच्या स्विचवर वाचत गेल्यास उपकरणापर्यंत पोहोचता येते.

आयपी पत्त्याची अडवणूक, अनधिकृत डीएचसीपी सर्व्हर, विषाणूबाधित संगणक किंवा नोंदवहीत नसलेले उपकरण आढळल्यास ही पद्धत वापरली जाते. पद्धत सोपी असली तरी एका गैरसमजामुळे ती अनेकदा चुकीच्या पोर्टपाशी थांबते. स्विचच्या तक्त्यातील नोंद उपकरणाचे स्थान सांगत नाही. त्या स्विचपासून उपकरण कोणत्या दिशेला आहे एवढेच ती सांगते.

## मॅक पत्ता

मॅक पत्ता हा इथरनेट किंवा वायफाय जोडणीच्या प्रत्येक नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा ओळखक्रमांक होय. तो १२ षोडशमान अंकांत लिहिला जातो. त्याचे पहिले २४ बिट सामान्यतः आयईईई या संस्थेने उत्पादकाला नेमून दिलेले असतात, तर उरलेले २४ बिट उत्पादक स्वतः देतो. त्यामुळे पत्त्याच्या पहिल्या सहा अंकांवरून उपकरणाच्या कार्डाचा उत्पादक बहुधा कळतो. छापयंत्र, कॅमेरा आणि घरगुती राउटर यांतील फरक ओळखण्यास एवढी माहिती पुष्कळदा पुरते.

एकच पत्ता वेगवेगळ्या यंत्रणांत वेगवेगळ्या रीतीने लिहिला जातो. शोध घेताना तो त्या त्या यंत्रणेच्या रीतीत बदलून घ्यावा लागतो.

```
00-00-5e-00-53-47    विंडोज
00:00:5e:00:53:47    लिनक्स
0000.5e00.5347       सिस्को
```

वरील पत्ता आणि या लेखातील इतर मॅक पत्ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या मालिकेतील आहेत.

## स्विचमधील नोंदी

स्विच सुरू होतो तेव्हा त्याचा मॅक तक्ता रिकामा असतो. एखाद्या पोर्टवरून फ्रेम आली की स्विच तिच्यातील प्रेषकाचा पत्ता वाचतो आणि तो पत्ता, व्हीलॅन क्रमांक व पोर्ट अशी नोंद करतो. ग्राहकाचा पत्ता तक्त्यात असल्यास फ्रेम त्या एकाच पोर्टवर पाठविली जाते. तो नसल्यास ती त्या व्हीलॅनमधील इतर सर्व पोर्टांवर पाठविली जाते. नोंद केवळ प्रेषकाच्या पत्त्यावरून होते, ही बाब शोधाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जे उपकरण काहीच पाठवत नाही ते कोणत्याही तक्त्यात येत नाही.

या नोंदी कायम राहत नाहीत. ब्रिजविषयीच्या ८०२.१डी या आयईईई मानकाने सुचविलेला कालावधी ३०० सेकंदांचा आहे आणि बहुतेक उत्पादक तोच पूर्वनिर्धारित ठेवतात. उपकरण पाच मिनिटे शांत राहिले तर त्याची नोंद पुसली जाते. स्पॅनिंग ट्रीच्या रचनेत बदल झाला की जुन्या नोंदी याहूनही लवकर टाकून दिल्या जातात. म्हणून एखादी केबल निघाल्यानंतर किंवा एखादा स्विच बंद पडल्यानंतर लगेच केलेल्या शोधात तक्ते अपुरे दिसू शकतात.

### नोंदीचा अर्थ

उपकरणाची फ्रेम मार्गातील प्रत्येक स्विचमधून जाते आणि त्यातील प्रत्येक स्विच तिची नोंद करतो. तळमजल्यावरच्या स्विचला जोडलेल्या संगणकाचा पत्ता त्या स्विचवर संगणकाच्या पोर्टवर दिसतो, इमारतीच्या मुख्य स्विचवर तळमजल्याकडे जाणाऱ्या पोर्टवर दिसतो आणि केंद्रीय स्विचवर त्या इमारतीकडे जाणाऱ्या पोर्टवर दिसतो. शेजारच्या इमारतीतील स्विचवरही तोच पत्ता दिसू शकतो. तेथे तो केंद्राकडे जाणाऱ्या पोर्टवर असतो.

यावरून एकच पत्ता एकाच वेळी वीस स्विचवर सापडणे स्वाभाविक ठरते. या वीस नोंदींपैकी एकोणीस नोंदी दुसऱ्या स्विचकडे बोट दाखवितात. ज्या नोंदीतील पोर्टच्या पलीकडे दुसरा व्यवस्थापित स्विच नाही, तीच शोधाची अखेर असते. संपूर्ण पद्धत ही एक नोंद वेगळी काढण्यासाठी आहे.

## मॅक पत्ता मिळविणे

तक्रारीत बहुधा आयपी पत्ता दिलेला असतो. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता त्या उपजाळ्याच्या राउटरमधील एआरपी तक्त्यात मिळतो.

```
core# show ip arp 10.20.30.57
```

मॅक पत्ता राउटर ओलांडून जात नाही. राउटरच्या पलीकडे पोहोचलेल्या फ्रेमवर राउटरचाच मॅक पत्ता असतो. त्यामुळे हा तक्ता त्याच उपजाळ्याच्या प्रवेशद्वारावर पाहावा लागतो आणि पुढचा शोधही त्याच व्हीलॅनमध्ये घ्यावा लागतो.

एआरपी तक्ता आणि मॅक तक्ता यांच्या कालावधींत मोठी तफावत असते. सिस्कोच्या राउटरमध्ये एआरपी नोंद पूर्वनिर्धारित चार तास राहते, तर मॅक नोंद पाच मिनिटेच राहते. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता मिळाला, पण तो पत्ता एकाही स्विचवर नाही, अशी स्थिती त्यामुळे वारंवार येते. राउटरवरून त्या आयपी पत्त्याला `ping` केल्यास उपकरण उत्तर देते आणि त्या उत्तराने मार्गातील सर्व स्विचच्या नोंदी ताज्या होतात. उपकरणाच्या फायरवॉलने `ping` नाकारले, तरी एआरपी नोंद पुसून पुन्हा विचारणा केल्यास एआरपीचे उत्तर बहुधा येते. नोंद ताजी होण्यास तेवढे पुरते.

## उदाहरण : अनधिकृत डीएचसीपी सर्व्हर

एका महाविद्यालयाचे नेटवर्क उदाहरणादाखल घेता येईल. केंद्रस्थानी एक मुख्य स्विच, प्रत्येक इमारतीत एक वितरण स्विच आणि प्रत्येक मजल्यावर एक किंवा अधिक प्रवेश स्विच अशी त्याची रचना आहे. प्रयोगशाळांसाठी व्हीलॅन ३० असून त्यातील संगणकांना `10.20.30.0/24` या उपजाळ्यातील पत्ते मिळणे अपेक्षित आहे. एके सकाळी काही संगणकांचा संपर्क तुटतो, मात्र सर्वांचा तुटत नाही.

### लक्षणे

बाधित संगणकावर `192.168.1.x` या मालिकेतील पत्ता आढळतो. याचा अर्थ त्या व्हीलॅनमध्ये दुसराच डीएचसीपी सर्व्हर पत्ते वाटत आहे. कोणीतरी आणलेला घरगुती वायफाय राउटर बाहेरच्या जोडणीच्या पोर्टऐवजी आतल्या पोर्टमधून भिंतीवरील सॉकेटला जोडला की असे घडते. दोन्ही सर्व्हर विनंतीला उत्तर देतात आणि संगणक सामान्यतः आधी आलेले उत्तर स्वीकारतो. ज्यांच्या जुन्या पत्त्याची मुदत संपलेली नाही ते संगणक नेहमीप्रमाणे चालू राहतात. बिघाड अर्धवट आणि अनियमित दिसण्याचे हेच कारण असते.

### पत्ता घेणे

केंद्रीय राउटरच्या एआरपी तक्त्याचा येथे उपयोग होत नाही, कारण `192.168.1.0/24` हे उपजाळे त्याला माहीत नसते. पत्ता बाधित संगणकाकडूनच घ्यावा लागतो.

```
C:\> ipconfig /all
   DHCP Server . . . . . . . . . . . : 192.168.1.1

C:\> arp -a 192.168.1.1
  Internet Address      Physical Address      Type
  192.168.1.1           00-00-5e-00-53-47     dynamic
```

या संगणकाचा पत्ता लगेच दुरुस्त करू नये. शोध संपेपर्यंत तो अनोळखी उपकरणाशी बोलत राहिला तर त्या उपकरणाच्या नोंदी ताज्या राहतात.

### केंद्राकडून बाहेरच्या दिशेने

शोध मुख्य स्विचवरून सुरू करणे सोयीचे असते, कारण प्रत्येक इमारत त्याला जोडलेली असते.

```
core# show mac address-table address 0000.5e00.5347
Vlan    Mac Address       Type        Ports
----    -----------       --------    -----
  30    0000.5e00.5347    DYNAMIC     Po3
```

`Po3` हा प्रत्यक्ष पोर्ट नसून अनेक केबलींची जोडून केलेली एक तार्किक जोडणी आहे. तिच्यात कोणते पोर्ट आहेत हे आधी पाहावे लागते. त्यानंतर त्यांपैकी एका पोर्टच्या पलीकडे कोण आहे हे विचारता येते.

```
core# show etherchannel summary
3      Po3(SU)    LACP    Te1/1/3(P)  Te2/1/3(P)

core# show cdp neighbors Te1/1/3 detail
Device ID: dist-b
  IP address: 10.10.0.12
```

सीडीपी हा सिस्कोचा स्वतःचा शेजारी-ओळख नियमसंच आहे. इतर उत्पादकांच्या स्विचवर याच कामासाठी एलएलडीपी हे खुले मानक वापरले जाते आणि `show lldp neighbors` या धाटणीची आज्ञा द्यावी लागते. शेजारी स्विचचे नाव आणि व्यवस्थापन पत्ता मिळाल्यावर त्या स्विचवर प्रवेश करून तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.

```
dist-b# show mac address-table address 0000.5e00.5347
  30    0000.5e00.5347    DYNAMIC     Gi1/0/7

dist-b# show cdp neighbors Gi1/0/7 detail
Device ID: acc-b2
  IP address: 10.10.2.22
```

तिसऱ्या स्विचवर हीच कृती केल्यावर पत्ता `Gi1/0/19` या पोर्टवर सापडतो. या पोर्टवर कोणताही सीडीपी किंवा एलएलडीपी शेजारी दिसत नाही. तेथे शोधाची साखळी संपते.

एखाद्या टप्प्यावर पुढचा स्विच मागच्याच स्विचकडे बोट दाखवू लागला, तर दोनपैकी एक नोंद जुनी असते किंवा उपकरण मध्यंतरी हलविलेले असते. अशा वेळी उपकरणाला पुन्हा `ping` करून दोन्ही तक्ते नव्याने वाचावेत.

## शेवटचा पोर्ट पडताळणे

शेजारी न दिसणे हा पुरेसा पुरावा नाही. अव्यवस्थापित छोटा स्विच स्वतःची ओळख सांगत नाही. काही संस्थांत सुरक्षेच्या कारणासाठी सीडीपी आणि एलएलडीपी बंद ठेवलेले असतात. म्हणून त्या पोर्टवर आणखी किती पत्ते आहेत हे पाहिले जाते.

```
acc-b2# show mac address-table interface Gi1/0/19
Vlan    Mac Address       Type        Ports
----    -----------       --------    -----
  30    0000.5e00.5347    DYNAMIC     Gi1/0/19
  30    0000.5e00.5362    DYNAMIC     Gi1/0/19
  30    0000.5e00.5391    DYNAMIC     Gi1/0/19
```

एकच पत्ता असल्यास उपकरण थेट जोडलेले असण्याची शक्यता अधिक असते. दोन पत्ते असल्यास पुष्कळदा टेबलावरील आयपी फोन आणि त्याच्या मागे जोडलेला संगणक असतो. वरील उदाहरणातील तीन पत्ते अपेक्षित चित्राशी जुळतात. घरगुती राउटरचे आतले पोर्ट आणि त्याचे वायफाय एकाच जाळ्यात जोडलेले असतात. त्यामुळे वायफायवरून जोडलेल्या दोन लॅपटॉपचे मूळ पत्तेही याच पोर्टवर दिसतात. तोच राउटर बाहेरच्या पोर्टमधून जोडला असता, तर त्याच्या मागची सर्व उपकरणे त्याच्या एकाच पत्त्याआड लपली असती. मात्र तेव्हा त्याने या व्हीलॅनमध्ये पत्तेही वाटले नसते.

एखाद्या पोर्टवर वीस-तीस पत्ते असल्यास त्याच्या मागे स्विच, वायफाय केंद्र किंवा आभासी संगणक चालविणारा सर्व्हर असतो. असा पोर्ट शोधाची अखेर मानू नये. तो बंद केल्यास एका उपकरणासाठी संपूर्ण मजल्याचा संपर्क तुटू शकतो.

### पोर्ट बंद करणे

पोर्ट निश्चित झाल्यावर त्याचे वर्णन, पॅच पॅनलवरील क्रमांक आणि भिंतीवरील सॉकेटचा क्रमांक जुळवून खोली शोधली जाते. ही नोंदवही अपुरी असल्यास केबलवर ध्वनिसंकेत सोडणारे यंत्र लावून दुसरे टोक शोधावे लागते. खोली गाठण्यास वेळ लागणार असेल, तर पोर्ट तात्पुरता बंद करून बिघाड तेथेच रोखता येतो.

```
acc-b2(config)# interface Gi1/0/19
acc-b2(config-if)# description VLAN30 DHCP
acc-b2(config-if)# shutdown
```

पोर्ट बंद केल्यानंतर मुख्य स्विचवर तोच पत्ता पुन्हा शोधणे आवश्यक असते. तो नाहीसा झाला आणि बाधित संगणकाने `ipconfig /renew` केल्यावर योग्य उपजाळ्यातील पत्ता मिळविला, तर शोध बरोबर होता. पत्ता थोड्याच वेळात दुसऱ्या पोर्टवर आढळला, तर कोणीतरी ते उपकरण शेजारच्या सॉकेटला लावलेले असते.

असा प्रसंग पुन्हा येऊ नये यासाठी प्रवेश स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केले जाते. या सुविधेमुळे विश्वासार्ह म्हणून नमूद केलेल्या पोर्टांखेरीज इतर पोर्टांवरून आलेली सर्व्हरची उत्तरे टाकून दिली जातात. वितरण स्विचकडे जाणारा पोर्ट विश्वासार्ह म्हणून आधी नमूद न केल्यास खऱ्या सर्व्हरची उत्तरेही अडतात आणि संपूर्ण मजल्याला पत्ते मिळेनासे होतात.

## पत्ता न सापडल्यास

मुख्य स्विचवर पत्ता न सापडणे म्हणजे उपकरण नेटवर्कमध्ये नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. अनोळखी उपकरण आणि त्याच्याशी बोलणारा संगणक एकाच प्रवेश स्विचला जोडलेले असतील, तर त्यांच्यातील थेट फ्रेम त्या स्विचबाहेर जात नाहीत. उपकरणाने सर्वांसाठीची फ्रेम पाठविली तरच त्याचा पत्ता केंद्रापर्यंत पोहोचतो. ती फ्रेम पाठवून पाच मिनिटे उलटली असतील, तर केंद्रातील नोंद पुसलेली असते, पण प्रवेश स्विचवरील नोंद कायम असते.

अशा वेळी दोन मार्ग उपलब्ध असतात. बाधित संगणक ज्या प्रवेश स्विचला जोडलेला आहे तेथून उलट दिशेने शोध सुरू करता येतो. किंवा मुख्य स्विचला त्याच व्हीलॅनमध्ये एक लॅपटॉप जोडून त्याला `192.168.1.200` यासारखा, वापरात नसलेला पत्ता हाताने देता येतो आणि त्यावरून `192.168.1.1` ला विचारणा करता येते. अनोळखी उपकरणाचे उत्तर लॅपटॉपकडे जाताना मार्गातील प्रत्येक स्विचमधून जाते. त्यामुळे केंद्रापासून उपकरणापर्यंतच्या सर्व नोंदी पुन्हा उभ्या राहतात.

पत्ता दोन पोर्टांमध्ये सतत उड्या मारताना दिसला, तर त्याचा अर्थ वेगळा असतो. सिस्कोच्या स्विचवर तेव्हा पुढील धाटणीचा संदेश येतो.

```
%SW_MATM-4-MACFLAP_NOTIF: Host 0000.5e00.5347 in vlan 30
is flapping between port Gi1/0/7 and port Gi1/0/9
```

एका वायफाय केंद्राकडून दुसऱ्याकडे गेलेला लॅपटॉप असा संदेश अधूनमधून निर्माण करतो. असंख्य पत्त्यांसाठी तो सेकंदासेकंदाला येत असल्यास नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार झालेले असते. वर्तुळ तोडल्याखेरीज तक्त्यांतील नोंदींवर विसंबता येत नाही.

## अनेक स्विचवर एकत्रित शोध

स्विचची संख्या शंभराच्या घरात गेली की प्रत्येक शोधासाठी हाताने साखळी चालणे परवडत नाही. तेव्हा सर्व स्विचचे तक्ते एसएनएमपी या नियमसंचाने ठरावीक अंतराने वाचून एका ठिकाणी साठविले जातात. ब्रिजची माहिती कोणत्या क्रमांकाखाली मिळते हे आरएफसी ४१८८ मध्ये, तर व्हीलॅनसह मिळणाऱ्या माहितीचे क्रमांक आरएफसी ४३६३ मध्ये ठरविलेले आहेत.

यातील `dot1dTpFdbPort` या तक्त्यात मॅक पत्ता दशमान अंकांत क्रमांकाच्या शेवटी जोडलेला असतो. `5e`, `53` आणि `47` यांची दशमान रूपे अनुक्रमे ९४, ८३ आणि ७१ असल्याने उदाहरणातील पत्त्याची विचारणा अशी होते.

```
snmpget -v2c -c public@30 10.10.2.22 \
  1.3.6.1.2.1.17.4.3.1.2.0.0.94.0.83.71
```

सिस्कोच्या अनेक स्विचवर प्रत्येक व्हीलॅनचा तक्ता स्वतंत्र असतो. म्हणून परवलीच्या शब्दापुढे `@30` असा व्हीलॅन क्रमांक लिहावा लागतो. तो न लिहिल्यास व्हीलॅन १ चा तक्ता मिळतो आणि पत्ता नाही असा चुकीचा समज होतो.

मिळालेले उत्तर ब्रिजचा अंतर्गत पोर्ट क्रमांक असते. ते पोर्टचे नाव नव्हे. `dot1dBasePortIfIndex` या तक्त्यातून त्याचा इंटरफेस क्रमांक आणि त्यावरून `ifName` मधून `Gi1/0/19` हे नाव मिळवावे लागते. हा मधला टप्पा वगळून अंतर्गत क्रमांकालाच पोर्ट क्रमांक मानले, तर भलत्याच पोर्टवर कारवाई होते.

सर्व नोंदी एकत्र आल्यावर त्यांपैकी अखेरची नोंद निवडण्याचा नियम वर सांगितलेलाच असतो. शेजारी स्विच असलेले पोर्ट वगळले की साधारणतः एकच पोर्ट उरतो. शेजाऱ्यांची माहिती उपलब्ध नसल्यास ज्या पोर्टवर एकूण पत्ते सर्वांत कमी आहेत तो पोर्ट उपकरणाच्या सर्वांत जवळचा मानला जातो. हा दुसरा नियम अंदाजाचा आहे. ज्या स्विचच्या मागे त्या वेळी एकच संगणक चालू आहे, त्याच्याकडे जाणाऱ्या पोर्टवरही कमी पत्ते दिसतात.

नेटडिस्को आणि लिब्रेएनएमएस या मुक्त स्रोत प्रणाली असे संकलन करतात. नोंदी वेळेसह साठविल्या गेल्यामुळे काल दुपारी नेटवर्कमध्ये असलेले आणि आज काढून नेलेले उपकरणही कोठे होते हे सांगता येते. स्विचच्या स्वतःच्या तक्त्यातून ही माहिती मिळू शकत नाही. दोन संकलनांमधील अंतर एक तासाचे असेल, तर मधल्या दहा मिनिटांसाठी जोडलेले उपकरण मात्र या साठ्यातही सापडत नाही.

## मर्यादा

वायफायवरील उपकरणाचा शोध स्विचवरून वायफाय केंद्रापर्यंतच नेता येतो. त्यापुढे वायफाय नियंत्रकाच्या ग्राहकयादीत पत्ता पाहावा लागतो. काही रचनांत वायफायची सर्व वाहतूक प्रथम नियंत्रकाकडे नेली जाते. तेव्हा मॅक पत्ता नियंत्रकाच्या पोर्टवर दिसतो, जरी उपकरण दुसऱ्याच इमारतीत असले तरी.

पत्त्यावरून उत्पादक ओळखणे आता पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ या आवृत्त्यांपासून भ्रमणध्वनी वायफायसाठी पूर्वनिर्धारित रीतीने यादृच्छिक पत्ता वापरतात. असा पत्ता त्याच्या दुसऱ्या षोडशमान अंकावरून ओळखता येतो. तो अंक 2, 6, A किंवा E असल्यास पत्ता स्थानिक पातळीवर दिलेला असतो आणि उत्पादकांच्या यादीत तो शोधून उपयोग नसतो. अनेक आभासी संगणकांचे पत्तेही असेच असतात.

काही पत्ते कोणत्याही एका यंत्राचे नसतात. `0000.0c07.ac` ने सुरू होणारा पत्ता एचएसआरपी या, तर `0000.5e00.01` ने सुरू होणारा पत्ता व्हीआरआरपी या नियमसंचाचा असतो. दोन राउटर मिळून तो वापरतात आणि त्या वेळी जो राउटर कार्यरत असतो त्याच्या दिशेने तो दिसतो. अशा पत्त्याला अनोळखी उपकरण समजून त्याचा पोर्ट बंद केल्यास नेटवर्कच्या प्रवेशद्वाराचीच एक जोडणी तुटते.

मॅक पत्ता बदलणे संगणकाच्या वापरकर्त्याला सहज शक्य असते. त्यामुळे शोधातून त्या क्षणी तो पत्ता वापरणारा पोर्ट सिद्ध होतो. उपकरणाची किंवा व्यक्तीची ओळख त्यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्या उपकरणाचा पत्ता जाणूनबुजून वापरला जात असल्यास तोच पत्ता दोन पोर्टांवर आलटून पालटून दिसतो. तेव्हा दोन्ही पोर्टांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करावी लागते.

## हेही पाहा

* मॅक पत्ता
* इथरनेट
* नेटवर्क स्विच
* डीएचसीपी
* व्हीलॅन